एक मूठ पेंड आणि एक कुंडी माती

तुमच्या घराच्या अंगणात, गॅलरीत किंवा निदान खिडकीत एखादी तरी कुंडी असेलच. तिच्यातल्या झाडाची पाने फिकी पडली की कोणी तरी सांगते, "थोडी पेंड घाला." दुसरा म्हणतो, "हाडांचा चुरा घाला, फुले येतील." पण 'थोडी' म्हणजे किती, हे सहसा कोणी सांगत नाही. मग माणूस मूठभर पेंड घेतो आणि झाडाच्या बुंध्याशी टाकून मोकळा होतो. कधी झाड तरारते, तर कधी चार-आठ दिवसांत माना टाकते. पेंड तीच, झाड तेच. मग परिणाम इतका वेगळा का? या लेखात आपण निंबोळी पेंड, मोहरीची पेंड आणि हाडांचे खत या तिन्हींचा कुंडीपुरता हिशेब मांडून पाहू. त्यासाठी लागणारे गणित आठवी-नववीचेच आहे.

शेत आणि कुंडी यांतील फरक

आधी शेताकडे पाहू. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यातील वरच्या १५ सेंटिमीटर थरात बहुतेक मुळे असतात असे धरले, तर त्या थराचे घनफळ १,५०० घनमीटर होते. एक घनमीटर कोरडी माती साधारण १,३०० ते १,४०० किलो भरते. म्हणजे एका हेक्टरच्या या थरात सुमारे २० लाख किलो माती असते. शेतकऱ्याने हेक्टरी २५० किलो निंबोळी पेंड टाकली, तर एक किलो पेंड ८,००० किलो मातीत मिसळली जाते. दुसऱ्या शब्दांत, ८ किलो मातीला फक्त १ ग्रॅम पेंड!

आता कुंडी घ्या. बाजारात जिला दहा इंची कुंडी म्हणतात, तिचा वरचा व्यास सुमारे २५ सें. मी. आणि तळाचा १७ सें. मी. असतो. सरासरी व्यास २१ सें. मी. आणि मातीची उंची २० सें. मी. धरून घनफळ काढा. उत्तर सुमारे ७ लिटर येईल. इतकी माती साधारण ७ ते ८ किलो भरते. तुमच्या मुठीत ४०-५० ग्रॅम पेंड सहज मावते. याचा अर्थ असा, की एक मूठ पेंड टाकून तुम्ही शेतातल्या प्रमाणाच्या जवळजवळ पन्नास पट पेंड त्या मातीला दिलीत.

मग कुंडीत एकच ग्रॅम पेंड घालायची का? तेही बरोबर नाही. शेतात टोमॅटोचे एक रोप ६० बाय ४५ सें. मी. जागेत लावले, तर १५ सें. मी. खोलीपर्यंत त्याच्या वाट्याला पन्नास किलोंहून अधिक माती येते. कुंडीतल्या रोपाला सात-आठ किलोंतच भागवावे लागते. शिवाय कुंडीला रोज पाणी घातले जाते आणि विरघळलेले अन्न तळाच्या भोकातून वाहून जाते. म्हणून कुंडीतल्या प्रत्येक किलो मातीला शेतापेक्षा जास्त अन्न द्यावे लागते, हे खरे. पण शेतातील चूक वीस लाख किलो मातीत विरून जाते. कुंडीतली चूक त्या सात किलोंतच राहते आणि मुळांना पळून जायला जागा नसते. म्हणून कुंडीचे माप मुठीने नव्हे, तर ग्रॅमने ठरवले पाहिजे.

पेंड म्हणजे झाडाचे अन्न नव्हे

बियांतून तेल गाळून घेतल्यावर मागे राहतो तो चोथा म्हणजे पेंड. तेलात नत्र जवळजवळ नसतो. तो सगळा बियांतील प्रथिनांत असतो आणि प्रथिने पेंडीत राहतात. म्हणून चांगल्या निंबोळी पेंडीत आणि मोहरीच्या पेंडीतही शेकडा ५ च्या आसपास नत्र असतो. स्फुरद निंबोळी पेंडीत शेकडा १ आणि मोहरीच्या पेंडीत पावणेदोनच्या जवळपास, तर पालाश दोन्हींत शेकडा एक ते दीड एवढाच असतो.

पण प्रथिनाचा प्रचंड रेणू मुळांना जसाच्या तसा शोषून घेता येत नाही. आधी मातीतील जीवाणू आणि बुरशी त्याचे तुकडे करतात आणि त्यातून अमोनियम मुक्त होते. नंतर जीवाणूंचा एक गट या अमोनियमचे नायट्राइट बनवतो आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट बनवतो. हे काम करणारे जीवाणू सेर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. अमोनियम आणि नायट्रेट या दोन्ही रूपांत झाड नत्र घेऊ शकते.

या मार्गात धोका कुठे आहे तो पाहा. पहिली पायरी, म्हणजे प्रथिनाचे अमोनियम होणे, ही भराभर उरकते, कारण ते काम करणारे जीवजंतू असंख्य आणि नाना प्रकारचे असतात. अमोनियमचे नायट्रेट करणारे जीवाणू मात्र थोडे आणि सावकाश वाढणारे असतात. मातीत एकदम खूप पेंड पडली, की अमोनियम साचू लागते. त्यातील काही भाग अमोनिया वायूच्या रूपात असतो आणि हा वायू कोवळ्या मुळांना विषारी आहे.

तो भाग किती, हे मातीच्या आम्ल-अल्कतेवर म्हणजे सामूवर अवलंबून असते. सामू ७ असताना २५ अंश सेल्सिअस तपमानाला त्यातील शेकडा एकाहून कमी भाग अमोनियाच्या रूपात असतो. सामू ८ झाला की तोच भाग शेकडा ५ होतो आणि सामू ९ ला शेकडा ३५ च्या वर जातो. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ असतो. म्हणून तिच्यात पेंडीचा अतिरेक अधिक लवकर नडतो. याच कारणासाठी पेंडीबरोबर चुना किंवा लाकडाची राख कधी मिसळू नये. दोन्ही अल्कधर्मी असल्यामुळे सामू वाढतो, अमोनिया मोकळा होतो, मुळे भाजतात आणि ज्यासाठी पेंड घातली तो नत्रही हवेत उडून जातो.

निंबोळी पेंड : सावकाश चालणारे घड्याळ

कडुलिंबाच्या बियांत काही कडू द्रव्ये असतात. त्यांपैकी निंबिन हे सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी १९४२ साली वेगळे केले. अझाडिरॅक्टिन हे त्याहूनही प्रसिद्ध द्रव्य १९६८ मध्ये वेगळे करण्यात आले. तेल काढल्यावरही यांचा काही अंश पेंडीत उरतो आणि त्याचे दोन परिणाम होतात.

पहिला परिणाम असा, की अमोनियमचे नायट्रेट बनवणाऱ्या जीवाणूंचा वेग मंदावतो. हे फायद्याचे का, याचे उत्तर विद्युत्भारात आहे. मातीतील चिकणमातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण भार असतो. अमोनियमच्या आयनावर धन भार असल्यामुळे तो या कणांना चिकटून राहतो. नायट्रेटवर ऋण भार असल्याने तो चिकटत नाही आणि पाण्याबरोबर कुंडीच्या भोकातून निघून जातो. नत्र जितका जास्त काळ अमोनियमच्या रूपात राहील, तितका तो कुंडीत टिकेल. याच तत्त्वावर युरियाच्या दाण्यांना निंबोळीच्या तेलाचा लेप देतात. २०१५ मध्ये भारत सरकारने देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला हा लेप सक्तीचा केला.

दुसरा परिणाम मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींवर होतो. पेंड मिसळलेल्या मातीत त्यांची संख्या कमी राहते. पण याला मर्यादा आहे. पेंड मातीतल्या किडींना अटकाव करते. पानांवरचा मावा किंवा देठावरचा पिठ्या ढेकूण कुंडीत पेंड घातल्याने जाईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

आणि वर सांगितलेल्या गुणाची दुसरी बाजूही लक्षात घ्या. निंबोळी पेंड जर प्रमाणाबाहेर पडली, तर अमोनियमचे नायट्रेट होण्याचा मार्गही तिनेच मंद केलेला असतो. म्हणजे 'कडुलिंब आहे, त्याने काय होणार' असे म्हणून सढळ हाताने घालण्याजोगी ही वस्तू नाही.

कुंडीसाठी माप असे : कुंडी नव्याने भरताना दर लिटर मातीला ५ ग्रॅम निंबोळी पेंड सर्व मातीत नीट मिसळावी, माती हलकी ओली करावी आणि रोप लावण्यापूर्वी दोन आठवडे तशीच ठेवावी. या काळात अमोनियमचा पहिला लोंढा ओसरतो. झाड आधीच लावलेले असेल, तर याच्या निम्मे म्हणजे लिटरला अडीच ग्रॅम घ्यावी. बुंध्यापासून दूर, कुंडीच्या कडेने माती उकरून ती तीत मिसळावी आणि वरून दोन सें. मी. माती ओढावी. पुन्हा घालायची ती दोन ते तीन महिन्यांनी.

मोहरीची पेंड : आधी तिखट, मग खत

मोहरीचे तेल जिथे रोजच्या स्वयंपाकात आहे, त्या उत्तर भारतात आणि बंगालात ही पेंड मुबलक मिळते. कोलकात्याकडचे बागवान शेवंतीसारख्या फुलझाडांना ती पाण्यात कुजवून देतात. आपल्याकडे शेंगदाण्याची पेंड अधिक परिचयाची. पण आता रोपवाटिकांत मोहरीची पेंडही मिळते.

मोहरी फेसताना नाकात जाणारा झणका तुम्हाला माहीत आहे. कोरडी मोहरी हुंगली तर तो जाणवत नाही. ती वाटून ओली केली की येतो. याचे कारण असे : मोहरीत सिनिग्रिन नावाचे एक गंधकयुक्त द्रव्य आणि मायरोसिनेज नावाचे विकर हे वेगवेगळ्या ठिकाणी साठवलेले असतात. बी फुटले आणि पाणी मिळाले की दोघांची गाठ पडते व ॲलिल आयसोथायोसायनेट हे उडून जाणारे तिखट द्रव्य तयार होते. ही मोहरीची स्वसंरक्षणाची युक्ती आहे. पेंडीतही हे दोन्ही काही प्रमाणात शिल्लक असतात. विशेषतः घाण्यावरच्या पेंडीत ते जास्त असतात. जिथे बी फार तापवले जाते तिथे विकर बरेचसे निकामी होते.

कोरडी मोहरी पेंड कुंडीत टाकून पाणी घातले, की हाच झणका मुळांशी तयार होतो. तो मातीतल्या काही बुरशींना मारक ठरतो हे खरे, पण अंकुरणाऱ्या बियांना आणि कोवळ्या मुळांनाही तो सोडत नाही. सुदैवाने हे द्रव्य काही दिवसांतच उडून किंवा विघटन पावून नाहीसे होते. म्हणून मोहरीच्या पेंडीचा नियम सोपा आहे : ती कुंडीबाहेर कुजवा आणि मग पातळ करून द्या.

कृती अशी : १०० ग्रॅम पेंड १ लिटर पाण्यात भिजत घाला. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे, मोठे आणि निम्मेच भरलेले असावे. तोंडावर फडके बांधा आणि सावलीत ठेवा. रोज एकदा काठीने ढवळा. पाच ते सात दिवसांत झणका जाऊन कुजका वास येऊ लागतो. हे पाणी गाळून त्याच्या दहापट पाण्यात मिसळा. २५ सें. मी.च्या कुंडीला पंधरा दिवसांतून एकदा पाव लिटर पुरे. माती आधीच ओली असताना द्यावे, म्हणजे द्राव एकाच ठिकाणी तीव्र राहत नाही. उरलेला गाळ फेकू नका. तो कंपोस्टच्या खड्ड्यात टाका.

एक महत्त्वाची सूचना. हे मिश्रण बूच घट्ट लावलेल्या बाटलीत कधीही ठेवू नका. कुजताना वायू तयार होत राहतो, त्याचा दाब वाढतो आणि बाटली फुटते. काचेची असेल तर डोळ्यांवर बेतते.

हाडांचे खत : दगडासारखे अन्न

हाडांच्या खताची गोष्ट पेंडींहून अगदी वेगळी आहे. त्यात स्फुरद भरपूर, म्हणजे बहुधा शेकडा २० ते २५ असतो. नत्र कच्च्या हाडांच्या भुकटीत शेकडा ३ च्या आसपास आणि वाफवलेल्या हाडांत एक-दोन एवढाच. वाफवण्याने चरबी आणि सरसासारखी प्रथिने निघून जातात, हाड ठिसूळ होते आणि बारीक दळता येते.

हाडातील स्फुरद हायड्रॉक्सिॲपेटाइट या खनिजात अडकलेला असतो. त्याचे सूत्र Ca₅(PO₄)₃OH. आपले दातही मुख्यतः याच जातीच्या खनिजाचे असतात. दात पाण्यात विरघळत नाहीत, पण आम्लाने झिजतात, हे तुम्ही जाणताच. हाडांच्या खताचेही तसेच आहे. त्यातील स्फुरद मोकळा व्हायला आम्ल लागते. कोकणातील जांभ्या जमिनीची माती आम्लधर्मी असते. तिच्यात हाडांचे खत हळूहळू विरघळते. पण चुनखडीयुक्त काळ्या मातीत ते महिनोन् महिने जवळपास तसेच पडून राहते. एखाद्याने 'हाडांचे खत घालून फुले आली' म्हणावे आणि दुसऱ्याने 'काही उपयोग झाला नाही' म्हणावे, यात दोघेही खरे बोलत असू शकतात. दोघांची माती वेगळी असते.

या अडचणीतूनच रासायनिक खतांचा एक मोठा उद्योग जन्माला आला. हाडांवर गंधकाम्ल ओतले तर स्फुरद पाण्यात विरघळणाऱ्या रूपात येतो, ही गोष्ट ध्यानात घेऊन इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉझ याने १८४२ मध्ये पेटंट घेतले आणि सुपरफॉस्फेटचा कारखाना काढला.

विरघळण्याचा वेग कणांच्या आकारावरही ठरतो. एक मिलिमीटरच्या कणाचे दहा पट बारीक कण केले, तर तेवढ्याच वजनाचा एकूण पृष्ठभाग दहा पट होतो आणि आम्लाला काम करायला दहा पट जागा मिळते. म्हणून जाड खड्यांचा चुरा न घेता पिठासारखे बारीक, वाफवलेले खत घ्यावे.

माप : कुंडी भरताना लिटरला ३ ग्रॅम, मातीत सारखे मिसळून. वर नुसते भुरभुरून उपयोग नाही, कारण स्फुरद मातीत फारसा हलत नाही. मुळांनाच त्याच्यापर्यंत जावे लागते. एकदा घातले की निदान सहा महिने पुन्हा घालू नये. काळी, चुनखडीची माती असेल तर त्यावर पैसे न घालवता चांगले शेणखत किंवा गांडूळखत वापरणे बरे.

एक कुंडी, पूर्ण हिशेबासह

आता २५ सें. मी.च्या कुंडीत टोमॅटोचे एक रोप लावायचे आहे असे धरू. सात लिटर मिश्रणासाठी ४ लिटर बागेची माती, २ लिटर गांडूळखत आणि १ लिटर जाड वाळू घ्या. त्यात ३५ ग्रॅम निंबोळी पेंड आणि माती आम्लधर्मी असल्यास सुमारे २० ग्रॅम हाडांचे खत मिसळा. दोन आठवडे थांबून रोप लावा. तीन आठवड्यांनी मोहरीच्या पेंडीचे पातळ पाणी सुरू करा आणि पंधरा दिवसांच्या अंतराने सहा वेळा द्या.

एक किलो फळ देताना टोमॅटोचे झाड मातीतून अडीच ते तीन ग्रॅम नत्र उचलते. आपण किती दिला? ३५ ग्रॅम निंबोळी पेंडीत पावणेदोन ग्रॅम नत्र आहे. हंगामात त्यातला निम्म्याहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे १ ग्रॅम मोकळा होईल. मोहरीच्या पाण्यात दर लिटरला १० ग्रॅम पेंडीचा अर्क असतो. पाव लिटरात अडीच ग्रॅम पेंडीचा, म्हणजे फार तर ०.१२५ ग्रॅम नत्र. सहा वेळचा मिळून पाऊण ग्रॅम. दोन लिटर गांडूळखत ओलावा वजा जाता पाऊण किलोच्या आत भरते. त्यात सात-आठ ग्रॅम नत्र असला, तरी एका हंगामात त्याचा सातवा-आठवा हिस्साच, म्हणजे सुमारे एक ग्रॅम मिळतो. बेरीज पावणेतीन ग्रॅमच्या घरात जाते. हिशेब जमला!

पण इथे एक उणीव दिसेल. टोमॅटोला पालाश नत्राहूनही जास्त लागतो, आणि ३५ ग्रॅम पेंडीत तो अर्धा ग्रॅमच आहे. हाडांच्या खतात तर जवळजवळ नाहीच. पालाशची भिस्त गांडूळखतावर आणि मूळ मातीवर आहे. म्हणून पेंडी शेणखताच्या किंवा गांडूळखताच्या जोडीला घ्यायच्या, त्यांच्या जागी नव्हे.

कुंडी लहानमोठी असेल तर? व्यास दीडपट झाला की माती दीडपट होत नाही, ती व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आकार सारखाच असलेल्या १५ सें. मी.च्या कुंडीत दीड लिटरच माती मावते; तिला ७ ते ८ ग्रॅम निंबोळी पेंड पुरे. २० सें. मी.च्या कुंडीत साडेतीन लिटर माती, म्हणून १८ ग्रॅम. ३० सें. मी.च्या कुंडीत १२ लिटर, म्हणून ६० ग्रॅम. जी मूठ तीस सें. मी.च्या कुंडीला थोडी कमीच पडते, तीच पंधरा सें. मी.च्या कुंडीला सहापट जास्त होते. घरचा एखादा चमचा भरून पेंड आणि हाडांचे खत वेगवेगळे शाळेच्या तराजूवर एकदा तोलून ठेवा. दोन्हींची घनता वेगळी असल्याने तोच चमचा दोघांना सारखे वजन देणार नाही.

बिघडले हे कसे ओळखावे?

नत्राचा अतिरेक लवकर दिसतो. माती ओली असूनही कोवळी पाने मान टाकतात, पानांच्या कडा करपतात आणि मातीजवळ नाक नेले तर अमोनियाचा वास येतो. अशा वेळी वरची पेंड मिसळलेली माती काढून टाका. तळाचे भोक मोकळे आहे याची खात्री करून कुंडीतून तिच्या मातीच्या दुप्पट घनफळाचे पाणी सावकाश वाहू द्या. महिनाभर कोणतेही खत देऊ नका.

स्फुरदाचा अतिरेक मात्र दोन-चार हंगामांनी दिसतो. तो लोह आणि जस्त झाडाला मिळण्यात अडथळा आणतो. नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक हे पाहून आणखी खत घालतात आणि परिस्थिती बिघडते. चुनखडीच्या मातीतही पाने अशीच दिसतात. तेव्हा आजवर हाडांचे खत किती घातले ते आठवून पाहावे. स्फुरद पाण्याने धुऊन जात नाही. निम्मी माती बदलणे हाच उपाय.

पेंडीवर दोन-तीन दिवसांत पांढरी बुरशी आली तर घाबरू नका. ती विघटनाचेच काम करते. पेंड उघडी राहिली की माश्या, मुंग्या आणि उंदीर येतात, म्हणून ती मातीआड करावी. हाडांच्या वासाने कुत्री कुंड्या उकरतात. भुकटी हाताळताना नाकातोंडाला फडके बांधा आणि नंतर साबणाने हात धुवा. कच्च्या हाडांच्या भुकटीतून अँथ्रॅक्सचा संसर्ग झाल्याची उदाहरणे पूर्वी घडली आहेत. वाफवलेलेच खत घेण्याचे हे आणखी एक कारण. एरंडीची पेंड मात्र या तिघींच्या पंक्तीला बसवू नका. तिच्यात रिसिन हे जालीम विष असते आणि ती खाऊन जनावरे दगावतात.

तीन छोटे प्रयोग

पहिला प्रयोग : एका बरणीत पेलाभर ओली माती आणि दोन चमचे निंबोळी पेंड मिसळा, दुसरीत नुसती ओली माती घ्या. दोन्ही झाकणांच्या आत ओला केलेला तांबडा लिटमस कागद चिकटवा आणि झाकण सैलसर ठेवा. रोज कागद ओला करून पाहा. पेंडीच्या बरणीतील कागद निळा होऊ लागला, की तुम्ही अमोनिया प्रत्यक्ष 'पाहिला'. किती दिवस लागले ते लिहून ठेवा, आणि मग मोहरीच्या पेंडीने तोच प्रयोग करून तुलना करा.

दुसरा प्रयोग : दोन रुंद बरण्यांत ओल्या कापसावर प्रत्येकी वीस मेथीदाणे ठेवा. एका बरणीत बाटलीच्या लहान झाकणात ओली केलेली घाण्यावरची मोहरी पेंड ठेवा, दुसरीत तशीच शेंगदाण्याची पेंड. पेंड दाण्यांना लागू देऊ नका. बरण्या झाकून तीन दिवसांनी अंकुर मोजा. फरक पडला तर तो कशामुळे, हे तुम्हाला आता सांगता येईल, कारण दाण्यांपर्यंत पोचू शकला तो फक्त वायू.

तिसरा प्रयोग : हाडांचे खत चमचा-चमचा दोन पेल्यांत घ्या. एकात पाणी, दुसऱ्यात व्हिनेगर ओता. व्हिनेगरमध्ये थोडेसे बुडबुडे येतील, कारण हाडात थोडे कार्बोनेट असते. जोराने फसफसले तर त्यात खडूची भेसळ असण्याचा संभव आहे. आठवड्याने दोन्ही पेल्यांतील गाळ गाळून, वाळवून तोला. पाण्यातला गाळ जवळपास तेवढाच भरेल आणि व्हिनेगरमधला कमी. पहिला पेला म्हणजे काळी माती आणि दुसरा म्हणजे कोकणातली जांभी माती, असे समजायला हरकत नाही. फक्त मातीतले आम्ल व्हिनेगरपेक्षा पुष्कळच सौम्य असते, म्हणून तिथे आठवड्याऐवजी महिने लागतात.